डेटा चालू, कॉल लागतात, पण काहीच उघडत नाही: एका फोनमधील दोन बिघाडांचा अभ्यास

मामांचा अँड्रॉइड फोन माझ्या हाती आला तेव्हा मोबाइल डेटाचे बटण चालू दिसत होते, रेंजच्या काड्या भरलेल्या होत्या, कॉल येत-जात होते आणि एसएमएसही पोहोचत होते. तरीही ब्राउझर, नकाशे, ईमेल, मेसेजिंग अ‍ॅप यांपैकी काहीही उघडत नव्हते. मामांनी सांगितलेली हकीकत थोडक्यात अशी होती. नेट संथ वाटत होते, म्हणून त्यांनी कुठेतरी वाचलेली 'वेग वाढवणारी सेटिंग' फोनमध्ये भरली आणि त्या क्षणापासून नेट बंद पडले. दोन दिवसांनी एका ओळखीच्या माणसाच्या सल्ल्यावरून त्यांनी नेटवर्क रीसेट केले, तरी नेट बंद ते बंदच राहिले. मामांच्या दृष्टीने हा एकच बिघाड होता आणि रीसेटचा त्यावर काही उपयोग झाला नव्हता.

प्रत्यक्षात ते दोन बिघाड होते. रीसेटने पहिला बिघाड पूर्णपणे दूर केला होता आणि त्याच वेळी दुसरा निर्माण केला होता. बाहेरून दोन्ही सारखेच दिसत असल्यामुळे कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते. हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारण हेच आहे, कारण या दोन अवस्थांमधला फरक ओळखता आला की पुढचे काम पाच-दहा मिनिटांचे उरते, आणि तो ओळखता आला नाही तर माणूस एकच उपाय पुन्हा पुन्हा करत राहतो.

कॉल लागतो म्हणजे नेमके काय सिद्ध होते

'कॉल लागतोय म्हणजे सिम आणि नेटवर्क ठीक आहे, मग नेट का नाही' हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण आवाज आणि इंटरनेट यांच्या वाटा वेगळ्या असतात. ४जी जाळ्यावरून कॉल होत असेल तर त्यासाठी फोन कंपनीच्या जाळ्याशी एक स्वतंत्र जोडणी करतो, जिचे नाव सहसा `ims` असे असते. ती सोय नसेल तर कॉलपुरता फोन जुन्या २जी किंवा ३जी जाळ्यावर उतरतो. इंटरनेटसाठी मात्र फोनला आणखी एक जोडणी मागावी लागते, आणि ती मागताना कोणत्या दारातून बाहेर पडायचे आहे ते नावाने सांगावे लागते. त्या दाराचे नाव म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट नेम, ज्याला आपण एपीएन म्हणतो.

त्यामुळे कॉल लागतो याचा अर्थ एवढाच की सिम जिवंत आहे, टॉवरने फोनला ओळखले आहे आणि आवाजाची वाट मोकळी आहे. इंटरनेटचे दार उघडले की नाही, याबद्दल त्यातून काहीच कळत नाही. डेटाचे बटण चालू असणे हीसुद्धा केवळ वापरणाऱ्याची परवानगी असते. फोनने जोडणी मागावी असे त्या बटणाने आपण सांगतो, पण जोडणी मिळाली की नाही हे ते बटण दाखवत नाही.

हाती आलेली अवस्था

सर्वप्रथम मी किरकोळ कारणे बाजूला केली. फोनमध्ये दोन सिमच्या जागा होत्या, पण सिम एकच होते आणि डेटासाठी तेच निवडलेले होते. फोनमधली डेटा मर्यादा ओलांडलेली नव्हती आणि प्लॅनमध्ये डेटा शिल्लक होता. रीसेटमुळे घरच्या वाय-फायचा पासवर्ड पुसला गेला होता, तो पुन्हा भरताच वाय-फायवर सर्व काही सुरळीत चालू झाले. या एका गोष्टीने बरेच प्रश्न निकालात निघाले, कारण चुकलेली तारीख-वेळ, अडकलेले व्हीपीएन किंवा हाताने भरलेला चुकीचा खासगी डीएनएस यांपैकी काही दोषी असते तर वाय-फायवरही अडचण आली असती. दोष केवळ मोबाइल डेटाच्या वाटेवर होता.

एअरप्लेन मोड अर्धा मिनिट चालू ठेवून बंद केला, फरक पडला नाही. फोन बंद करून चालू केला, तरीही नाही.

मग मी सिमची अदलाबदल केली, आणि माझ्या मते या संपूर्ण तपासातली हीच सर्वांत उपयोगी पायरी होती. माझे सिम, जे दुसऱ्या कंपनीचे आहे, मामांच्या फोनमध्ये घातले तेव्हा मिनिटभरात नेट चालू झाले. मामांचे सिम माझ्या फोनमध्ये घातले तेव्हा तेही चालू झाले. म्हणजे फोनचा अँटेना आणि मोडेम ठीक होते आणि सिम व त्यावरचा प्लॅनही ठीक होता, पण हा फोन आणि हे सिम एकत्र आले की मात्र नेट चालत नव्हते. दोन्ही बाजू निरोगी असताना बिघाड राहत असेल तर तो त्या दोघांना जोडणाऱ्या नोंदीत असतो, आणि ती नोंद म्हणजे एपीएन.

सिम परत जागेवर घालून मी फोनच्या माहितीतील सिमच्या स्थितीचे पान उघडले. तिथे सेवेच्या अवस्थेसमोर `In service` होते आणि मोबाइल डेटाच्या अवस्थेसमोर `Disconnected`. वाय-फाय बंद करून क्रोममध्ये पान उघडायचा प्रयत्न केला तेव्हा `ERR_INTERNET_DISCONNECTED` असा संकेत आला. वरच्या पट्टीत रेंजच्या काड्या होत्या, पण त्यांच्या शेजारी `4G` हे अक्षर नव्हते. बहुतेक अँड्रॉइड फोनांत हे अक्षर डेटाची जोडणी प्रत्यक्ष मिळाल्यावरच उमटते, म्हणून नुसत्या काड्या दिसणे आणि काड्यांजवळ अक्षर दिसणे यांतला फरक डोळ्यांत तेल घालून पाहण्यासारखा आहे. फोन दार ठोठावत होता आणि जाळे ते उघडत नव्हते.

दार का उघडत नव्हते

एपीएनच्या यादीत एकच नोंद होती आणि तीच निवडलेली होती. ती मी माझ्या फोनमधल्या नोंदीशी ताडून पाहिली (सिमची अदलाबदल केली तेव्हाच मी माझ्या फोनवर त्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवला होता), तेव्हा एपीएनचे नावच वेगळे निघाले.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. प्रत्येक सिमवर देशाचा तीन अंकी आणि जाळ्याचा दोन किंवा तीन अंकी संकेतांक असतो, जो फोनच्या पडद्यावर `MCC` आणि `MNC` या नावांनी दिसतो. फोन तो वाचतो आणि आपल्या आतल्या तयार यादीतून त्याला जुळणारी एपीएनची नोंद उचलतो. बहुतेक सिमच्या बाबतीत हे काम निमूट पार पडते, म्हणून बहुतेकांना एपीएन हा शब्दही कधी ऐकावा लागत नाही. मामांचे सिम मात्र अशा कंपनीचे होते, जी स्वतःचे टॉवर न उभारता दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या जाळ्यावरून सेवा देते. अशा कंपन्यांचे सिम अनेकदा त्या यजमान जाळ्याचाच संकेतांक वापरते. माझ्या फोनच्या यादीत या छोट्या कंपनीची वेगळी नोंद होती, मामांच्या थोड्या जुन्या फोनच्या यादीत ती नव्हती. त्यामुळे त्यांच्या फोनने संकेतांक पाहिला आणि यजमान कंपनीचे एपीएन उचलले. त्या दारातून जाण्याचा हक्क मामांच्या सिमला नव्हता, म्हणून जाळे प्रत्येक मागणी नाकारत होते.

मग हा फोन आधी वर्षभर कसा चालला? मी विचारल्यावर मामांना आठवले, "सिम घेतलं तेव्हा दुकानातल्या मुलाने फोनमध्ये काहीतरी टाइप करून दिलं होतं." ते 'काहीतरी' म्हणजे हाताने भरलेली योग्य एपीएनची नोंद होती. रीसेट करताना फोनने हाताने भरलेल्या सर्व नोंदी पुसल्या आणि मूळ यादी परत आणली. मूळ यादीत मात्र या सिमसाठी योग्य नोंद कधीच नव्हती.

नोंद पुन्हा भरताना

यादीच्या पानावर अधिकच्या चिन्हाला स्पर्श करून मी नवी नोंद उघडली. त्या लांबलचक पानावर वीसेक जागा असतात आणि त्या पाहून भांबावून जायला होते, पण भराव्या लागतात त्या मोजक्याच. इथे `Name` मध्ये कोणतेही ओळखीचे नाव चालते. `APN` मध्ये कंपनीने दिलेले नाव अक्षर न् अक्षर तसेच भरावे लागते. `APN type` मध्ये ही जोडणी कोणकोणत्या कामांसाठी आहे ते येते. `APN protocol` मध्ये आयपीचा प्रकार निवडायचा असतो. `MCC` आणि `MNC` फोन सिमवरून स्वतःच भरतो, त्यांना हात लावू नये, कारण ते बदलले तर जतन केलेली नोंद सिमशी जुळत नाही आणि यादीतून दिसेनाशीच होते. `Proxy`, `Port`, `Server`, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड या जागा कंपनीने स्पष्टपणे सांगितल्याशिवाय रिकाम्याच ठेवायच्या.

माझी नोंद नमुन्यादाखल अशी होती. एपीएनचे नाव मात्र इथे बदलून काल्पनिक लिहिले आहे:

```
APN:           data.example
Proxy:
Port:
APN type:      default,supl
APN protocol:  IPv4/IPv6
```

पहिल्या प्रयत्नात नेट चालू झाले नाही, आणि चूक माझी होती. `data` लिहून ठिपका दिला तेव्हा कीबोर्डने वाक्य संपले असे समजून ठिपक्यानंतर आपोआप एक मोकळी जागा सोडली आणि पुढचे अक्षर मोठे केले. अक्षराचा फरक लगेच दिसला आणि मी तो सुधारला, पण ती अरुंद मोकळी जागा मला दिसली नाही. पाच मिनिटे मी इतरत्र शोधत होतो. शेवटी नाव पूर्ण पुसून, कीबोर्डच्या सूचनांकडे दुर्लक्ष करत, एकेक अक्षर टाइप केले. एपीएन भरल्यावर कर्सर नावाच्या अगदी शेवटी नेऊन मागे मागे आणत पाहणे, ही सवय मी त्या दिवसापासून लावून घेतली आहे.

दुसरी ठेच इथे अनेकांना लागते. भरून झाल्यावर वरच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांमधून नोंद जतन करावी लागते, कारण काही फोनांत नुसते मागे गेले की भरलेले सर्व निघून जाते. जतन झाल्यावरही यादीत त्या नोंदीसमोरचे गोल बटण निवडावे लागते, अन्यथा फोन जुनीच नोंद वापरत राहतो.

नोंद निवडल्यावरही काही क्षण काहीच घडले नाही. जाळ्याने वारंवार नकार दिला की फोन पुढचे प्रयत्न वाढत्या अंतराने करू लागतो, म्हणून योग्य नोंद भरल्यावर एकदा एअरप्लेन मोड चालू-बंद करून त्याला नव्याने सुरुवात करायला लावणे बरे. तसे केल्यावर साधारण दहा सेकंदांत काड्यांशेजारी `4G` उमटले, सिमच्या स्थितीच्या पानावर `Connected` आले आणि नकाशा उघडला.

मग पहिल्या दोन दिवसांत काय बिघडले होते

फोन चालू झाला होता, पण माझे समाधान झाले नव्हते. रीसेटच्या आधी तर दुकानात भरलेली योग्य नोंद फोनमध्ये होती, मग तेव्हा नेट कशामुळे बंद पडले? मामांनी पहिल्या दिवशी घेतलेला एक स्क्रीनशॉट फोनमध्ये सापडला, आणि त्याने चित्र स्पष्ट झाले. त्यात वरच्या पट्टीत काड्यांशेजारी `4G` हे अक्षर होते, त्याच्याजवळ छोटे उद्गारचिन्ह होते, आणि क्रोमच्या पानावर संकेत होता `ERR_PROXY_CONNECTION_FAILED`. माझ्या हाती फोन आला तेव्हाची अवस्था याहून सर्वस्वी वेगळी होती. त्या दिवशी दार उघडलेले होते, जोडणी मिळालेली होती, पण आत शिरल्यावर वाहतूक कुठेतरी अडत होती.

मामांनी वापरलेली 'वेगवान' सेटिंग त्यांच्याकडे कागदावर लिहिलेली होती. तिच्यात एपीएनचे नाव त्यांच्याच कंपनीचे होते, म्हणून जोडणी मिळत होती. पण `Proxy` मध्ये १० या अंकाने सुरू होणारा एक पत्ता, `Port` मध्ये `8080` आणि `Server` मध्ये `www.google.com` भरायला सांगितले होते. खात्री करण्यासाठी, योग्य नोंदीला धक्का न लावता, मी ही नोंद वेगळ्या नावाने भरली, निवडली आणि वाय-फाय बंद केले.

अर्ध्या मिनिटात `4G` आणि उद्गारचिन्ह दोन्ही परत आले. सिमच्या स्थितीत `Connected` होते आणि फोनला आयपी पत्ताही मिळाला होता. डायलरवर `*#*#4636#*#*` टाइप करून अनेक अँड्रॉइड फोनांत तपासणीचे एक पान उघडता येते. ते उघडून मी पिंगची चाचणी चालवली, तेव्हा `www.google.com` ला पाठवलेल्या पिंगसमोर `Pass` आले आणि तिच्याच खालच्या `HTTP Client Test` समोर `Fail`. म्हणजे साधी हाक पलीकडे पोहोचून उत्तर परत येत होते, पण वेबपान मागितले की गाडी अडत होती.

प्रॉक्सी म्हणजे मध्यस्थ. त्या जागेत पत्ता भरला की अँड्रॉइड मोबाइल डेटावरून जाणाऱ्या वेबच्या मागण्या थेट संकेतस्थळाकडे न पाठवता त्या मध्यस्थाकडे पाठवतो. मोबाइल इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात, फोनचे पडदे लहान आणि वेग अगदी कमी असताना, कंपन्या असे मध्यस्थ खरोखर चालवत असत. १० ने सुरू होणारे पत्ते मात्र खासगी असतात, ते ज्या त्या जाळ्याच्या आतच अर्थपूर्ण असतात. एका कंपनीच्या आतला मध्यस्थ दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यात त्याच पत्त्यावर सापडण्याचे काही कारण नाही. मामांचा फोन प्रत्येक मागणी एका रिकाम्या घराच्या दारात ठेवून उत्तराची वाट पाहत होता. पिंग त्या मध्यस्थाकडून जात नाही, म्हणून ती चाचणी यशस्वी झाली. काही अ‍ॅप फोनची ही सूचना न मानता थेट जोडणी करतात. मामांनाही आठवले की पहिल्या दिवशी एका अ‍ॅपवरचा मजकूर अधूनमधून जात होता आणि त्यामुळेच त्यांना 'नेट आहे, पण फार संथ आहे' असे वाटत राहिले.

त्या उद्गारचिन्हाचाही अर्थ यातच आहे. डेटाची जोडणी मिळाली की अँड्रॉइड एका ठरलेल्या पत्त्यावर छोटीशी मागणी पाठवतो आणि अपेक्षित उत्तर येते का ते पाहतो. ते आले नाही की 'जोडणी आहे, पण पुढे इंटरनेट नाही' हे सांगण्यासाठी तो हे चिन्ह दाखवतो. काही फोनांत त्या जागी छोटी फुली असते. वाय-फायवर मात्र सारे नीट चालत होते, कारण एपीएनमधला प्रॉक्सी फक्त मोबाइल डेटालाच लागू होतो. म्हणून घरात असताना मामांना बिघाड जाणवतही नसे.

त्या कागदावरच्या वेगाच्या दाव्याबद्दल स्पष्ट सांगितले पाहिजे. एपीएन हे दाराचे नाव आहे. वेग ठरतो तो टॉवरवरची गर्दी, रेंजचा दर्जा आणि प्लॅनची मर्यादा यांवरून. `Server` मध्ये प्रसिद्ध संकेतस्थळाचे नाव भरल्याने काहीही वेगवान होत नाही. अशा सेटिंग वाचून ज्येष्ठ माणसे विश्वासाने आपल्या चालत्या फोनमध्ये फेरफार करतात आणि मग आप्तांशी संपर्क तुटून दोन-दोन दिवस बसून राहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. इथे तर सुधारणाही अगदी साधी होती. `Proxy` आणि `Port` या दोन जागा रिकाम्या करून नोंद जतन केली की उद्गारचिन्ह गेले आणि पाने उघडू लागली. पहिल्या दिवशी एवढेच केले असते तर रीसेटची वेळच आली नसती.

रीसेटबद्दल

नेटवर्क रीसेट हा निरुपयोगी उपाय आहे, असे मला म्हणायचे नाही. एपीएनच्या यादीत कोणी काय बदलले आहे हे समजत नसेल आणि सिम मोठ्या, जुन्या कंपनीचे असेल, तर मूळ नोंदी परत आणण्याचा तो सोपा मार्ग आहे. मामांचा पहिला बिघाड त्याने खरोखरच दूर केला होता. पण त्याच्या आधी एक लहान पायरी असते. एपीएनच्या यादीच्याच पानावर, तीन ठिपक्यांमध्ये, नोंदी मूळ स्थितीत आणण्याचा पर्याय असतो. त्यानेही हाताने भरलेली नोंद पुसली जाते, पण वाय-फायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या शाबूत राहतात. पूर्ण रीसेटमध्ये त्याही जातात, आणि रोमिंगसारख्या निवडी मूळ स्थितीत येतात. नव्या अँड्रॉइडमध्ये मोबाइल जाळ्याचा आणि वाय-फाय-ब्लूटूथचा रीसेट वेगवेगळा करता येतो. फोटो, संपर्क आणि संदेश यांना कोणत्याच प्रकारात धक्का लागत नाही.

एका गोष्टीची मात्र खरी भीती बाळगावी. ई-सिम असलेल्या फोनमध्ये रीसेटच्या पानावर ई-सिमही पुसण्याचा पर्याय दिलेला असू शकतो. त्यावर चुकून खूण झाली तर नेटबरोबर कॉलही जातात आणि ई-सिम कंपनीकडून पुन्हा घ्यावे लागते. ते पान घाईने पुढे ढकलू नये.

आयफोनमध्ये हीच गोष्ट थोड्या वेगळ्या रूपात भेटते. तिथे काही कंपन्या एपीएन भरण्यासाठी प्रोफाइल नावाची छोटी फाइल बसवायला सांगतात. नंतर कंपनी बदलली तरी ते जुने प्रोफाइल फोनमध्ये राहते आणि नव्या सिमवरही जुन्याच दाराचे नाव पुढे करत राहते. प्रोफाइलने बसवलेल्या सेटिंग नेटवर्क रीसेटने जातील असे धरून चालू नये. सेटिंग्जमधील `General` आणि मग `VPN & Device Management` या पानावर जाऊन ते प्रोफाइल हाताने काढावे लागते.

रीसेट असो वा एपीएन, दोन्हींची मर्यादा जिथे संपते ती जागा सिमच्या अदलाबदलीतून कळते. सिम दुसऱ्या फोनमध्येही चालत नसेल, तर प्लॅनमधला डेटा संपलेला असणे, त्या क्रमांकावर डेटा सेवाच सुरू नसणे किंवा कंपनीच्या बाजूचा बिघाड, यांपैकी काहीतरी असण्याचा संभव अधिक, आणि मग फोनशी झटत बसण्यात अर्थ नाही. दुसरा फोन हाताशी नसेल तर कंपनीच्या मदत क्रमांकावर कॉल करावा, कॉल तर लागतच असतो. तिथे दोनच प्रश्न विचारावेत: या क्रमांकावर डेटा सेवा सुरू आहे का, आणि एपीएनचे अचूक नाव व आयपीचा प्रकार कोणता. सेटिंगचा संदेश पाठवतो असे ते म्हणाले तरी नाव तोंडी विचारून लिहून घ्यावे, कारण असे संदेश सर्वच फोन स्वीकारतात असे नाही.

जाण्यापूर्वी मी तपासणीसाठी भरलेली ती प्रॉक्सीची नोंद काढून टाकली आणि योग्य नोंदीच्या पानाचे दोन स्क्रीनशॉट घेऊन ठेवले, कारण एका पडद्यात ते पान मावत नाही. मामांनी तीच अक्षरे सिमच्या रिकाम्या पाकिटावर पेनने लिहिली, आणि ठिपक्यानंतर मोकळी जागा नाही हे आठवावे म्हणून त्या ठिपक्याभोवती एक गोल काढला.